सरव्यातले वचन : एका प्रभातचित्रफितीविषयी

गोकुळ रोडवर पहाटे फिरावयास जाणाऱ्या मंडळींचा एक नित्यक्रम गेल्या काही वर्षांत ठरून गेला आहे. औद्योगिक वसाहतीच्या बाजूने निघून विमानतळाच्या रस्त्याने परत फिरायचे, मध्ये कोठे तरी चहासाठी थांबायचे, आणि चहा येईपर्यंत प्रत्येकाने आपापल्या भ्रमणध्वनीत त्या सकाळी आलेला ‘सुविचार’ दुसऱ्यास दाखवायचा. पूर्वी हे सुविचार शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असत. आता ते हलतात, बोलतात, आणि त्यांना पार्श्वसंगीत असते. अशीच एक तीन मिनिटांची चित्रफीत मला शेजारच्या एका गृहस्थांनी दाखविली. ते बसआगारातून निवृत्त झालेले यंत्रकारागीर, घरी कन्नड बोलणारे, पण बालपण मराठा गल्लीत गेल्यामुळे मराठी आपल्याइतकेच सफाईने बोलणारे. “मास्तर, हे बघा, तुमच्या मराठीत आलंय,” असे म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

चित्रफीत कोणी केली हे तिच्यावर लिहिलेले नाही, आणि असते तरी येथे सांगण्याचे प्रयोजन नव्हते. कारण तिच्यासारख्या अनेक फिती या प्रांतात कन्नड, मराठी आणि हिंदीत फिरत असतात. आरंभी डोंगरामागून सूर्य वर येतो. मग एक भव्य पुतळा, एका मठाची आरती, गुरूंच्या पायांवर फुले. त्यानंतर धावणारे तरुण, कारखान्यातील यंत्रे, संगणकापुढे बसलेली मुलगी. एक भारदस्त आवाज सांगतो की, महात्मा बसवेश्वरांनी आठशे वर्षांपूर्वी जगाला यशाचा मंत्र दिला, तो म्हणजे ‘कायकवे कैलास’. पडद्यावर इंग्रजीत ‘वर्क इज वर्शिप’ आणि त्याखाली मराठीत ‘काम हीच पूजा’ अशी अक्षरे उमटतात. मग आवाज म्हणतो की, जो इतरांपेक्षा एक तास अधिक राबतो त्याच्याकडे लक्ष्मी स्वतः चालत येते. शेवटी ही फीत अकरा जणांना पाठवावी, अशी विनंती.

अशा गोष्टींना नाक मुरडून बाजूला सारणे सोपे आहे. मला तसे करावयाचे नाही. फितीतला आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आणि ‘कैलास’ या शब्दावर निवेदक क्षणभर थांबतो ते त्याला कळून थांबल्यासारखे वाटते. बाराव्या शतकातील एका शब्दजोडीने आज सकाळी सहा वाजता एखाद्याला अंथरुणातून उठविले, तर त्यात वाईट काही नाही. माझा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. ज्यांच्या नावावर ते वाक्य घातले आहे त्यांचे ते नाही, आणि ज्याचे आहे त्याने ते ज्या कामासाठी उच्चारले, त्याच्या अगदी उलट कामाला ते येथे जुंपले आहे. या दोन चुका वेगवेगळ्या दिसतात, पण पहिली झाली म्हणून दुसरी होऊ शकली, असे मला वाटते.

प्रथम नावाची गोष्ट. वचन कोणाचे हे ओळखण्याची एक जुनी सोय आहे, आणि आपल्या अभंगाशी परिचय असलेल्या वाचकास ती परकी वाटू नये. अभंगाच्या शेवटी जशी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा येते, तशी वचनाच्या शेवटी ‘अंकित’ येते. फरक इतकाच की, वचनकार बहुधा आपले नाव न घालता आपल्या इष्टदेवाचे नाव घालतो. बसवण्णांचे अंकित ‘कूडलसंगमदेव’, अल्लमप्रभूंचे ‘गुहेश्वर’, अक्कमहादेवीचे ‘चेन्नमल्लिकार्जुन’. वचन हाती आले की प्रथम त्याच्या शेवटच्या ओळीकडे पाहावे, हा या अभ्यासातला पहिला धडा. या अंकिताला लोक किती जपतात याचे एक उदाहरण आपल्या स्मरणात असेल. बसवण्णांच्या वचनांतील ‘कूडलसंगमदेव’ काढून तेथे ‘लिंगदेव’ असा पाठ घालणारे माते महादेवींचे पुस्तक कर्नाटक सरकारने १९९८ साली जप्त केले, आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१७ साली जप्ती कायम राहिली. पुस्तक जप्त करावे की नाही यावर दुमत असू शकते. परंतु एका शब्दाची ती बाब किती गंभीर मानली गेली, हे त्यावरून दिसते.

फितीत मात्र अंकितच नाही. दोन शब्द सुटे काढलेले, आणि वर नाव बसवण्णांचे. ज्या पूर्ण वचनात हे दोन शब्द येतात ते शोधून काढले की त्याच्या शेवटी ‘अमरेश्वरलिंग’ असे अंकित दिसते. हे अंकित आहे आयदक्की मारय्याचे. बसवण्णांची म्हणून संपादित झालेली वचने चौदाशेच्या आसपास आहेत. त्यांत ही शब्दजोडी नाही. हे काही कोणा पंडिताने काल-परवा लावलेले गुपित नव्हे. धारवाडात १८८० साली जन्मलेल्या फ. गु. हळकट्टींनी ताडपत्रे गोळा करून १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ छापले, तेव्हापासून वचने छापील रूपात लोकांसमोर येत गेली. पुढे कर्नाटक सरकारने १९९३ साली समग्र वचनवाङ्मयाचे पंधरा खंड काढले. त्यांचे प्रधान संपादक डॉ. एम. एम. कलबुर्गी हेही धारवाडचेच. म्हणजे ज्या रस्त्यावर ही फीत फिरते त्या रस्त्यापासून वीस किलोमीटरांच्या आत, हे वाक्य कोणाचे आहे याचे उत्तर आयुष्यभर देत आलेली माणसे राहत होती.

मग चूक का होते? मोठ्या नावाकडे लहान नावाची वचने वाहत जातात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. आपल्याकडे नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आणि त्या निवडता निवडता संशोधकांची दमछाक झाली. तेथे निदान दोघांची मुद्रा सारखी असल्याने गोंधळ होणे स्वाभाविक होते. येथे तेही कारण नाही. येथे अंकित कापल्यावरच नाव बदलणे शक्य झाले. सार्वजनिक भाषणांत, शाळांच्या भिंतींवर, कचेऱ्यांच्या फलकांवर शेवटची ओळ कोणी लिहीत नाही. मग वाक्य पोरके होते, आणि पोरक्या वाक्यास लोक ओळखीच्या घरी नेऊन सोडतात.

आता हा मारय्या कोण? ‘आय्द’ म्हणजे वेचलेला आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. पीक काढून झाल्यावर शेतात पडून राहिलेले कणीस-दाणे गोरगरीब वेचतात, त्याला आपल्याकडे ‘सरवा’ हा फार जुना आणि सुंदर शब्द आहे. मारय्या हा तांदळाचा सरवा वेचणारा. तो आजच्या रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वराचा. पत्नी लक्कम्मा हिच्यासह कल्याणास आला आणि अंगणात, वाटेवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचून, त्यातून जंगमांना जेवू घालून उरलेल्यावर दोघे राहात. याला त्या लोकांनी ‘कायक’ म्हटले. हा शब्द आपल्या ‘कायिक’ या शब्दाच्या शेजारचा आहे. कायेने केलेले ते कायक. परंतु वचनकारांच्या बोलीत त्याला आणखी अर्थ चिकटला आहे. आपण स्वीकारलेले प्रामाणिक काम, त्यातून आपल्यापुरते घेणे आणि बाकीचे ‘दासोह’ म्हणून इतरांस देणे, अशी ती जोडी आहे. दासोहाशिवाय कायकाचा विचार ते करीत नाहीत. फितीत दासोह हा शब्द एकदाही आलेला नाही.

मूळ वचन लहान आहे, चार-पाच ओळींचे. त्यातील शब्द मी येथे उतरवीत नाही, आशय सांगतो. मारय्या म्हणतो की, माणूस आपल्या कायकात गढलेला असेल तर अशा वेळी गुरूचे दर्शन घडत असले तरी त्याचा विसर पडावा, लिंगपूजेचाही विसर पडावा, आणि समोर जंगम येऊन उभा असला तरी त्याच्या मिंधेपणातून मोकळे व्हावे. हे असे का करावे, तर कायक हाच कैलास आहे म्हणून. आणि शेवटी तो आपल्या इष्टदेवालाही सोडत नाही. अमरेश्वरलिंग झाले तरी ते कायकाच्या आतच, असे सांगून तो थांबतो.

येथे व्याकरणाची एक बारीक बाब आहे, पण सारे तिच्यावर अवलंबून आहे. मूळ वचनात हे दोन शब्द घोषवाक्य म्हणून येतच नाहीत. त्यांच्यामागे कन्नडात ‘कारण’ हा आपल्याही ओळखीचा शब्द लागलेला आहे. ते कारण दाखविणारे उपवाक्य आहे. मुख्य विधान त्याच्या अगोदर येऊन गेलेले आहे. गुरू, लिंग आणि जंगम हे शरणांच्या अष्टावरणांतील पहिले तीन, म्हणजे त्या पंथाचे सर्वांत पूज्य. त्या तिघांपेक्षा हातातले काम वरचे, हे ते मुख्य विधान. फितीने कारण ठेवले आणि ज्याचे ते कारण होते तेच कापले. ‘पाऊस पडत होता म्हणून मी राजाच्या दरबारी गेलो नाही’ या वाक्यातून ‘पाऊस पडत होता’ एवढेच उचलून ते कोणी हवामानाचे वर्णन म्हणून छापावे, तसे हे झाले.

आणि या कापाकापीमुळे ‘काम हीच पूजा’ हे भाषांतर निर्माण होते. मला या फितीतील सर्वांत मोठी चूक तीच वाटते. बसवण्णांच्या नावापेक्षाही मोठी. मारय्याने काम म्हणजे पूजा असे कोठेही म्हटलेले नाही. पूजेचा विसर पडावा, असे त्याने म्हटले आहे. काम हे पूजेसारखे पवित्र, असे म्हणताना पूजा हे माप असते आणि कामाला त्या मापाने मोजले जाते. मारय्याने मापच खाली ठेवले. कैलास म्हणजे पूजेचे साधन नव्हे, तर ज्यासाठी पूजा करायची ते पोहोचण्याचे ठिकाण. तेथे जो पोहोचलाच आहे त्याने पुन्हा वाट कशाला विचारावी? ‘कायकवे’ या रूपातील शेवटचा ‘ए’ हा आपल्या ‘च’सारखा आहे. कायकच कैलास. दुसरीकडे कोठे नाही.

‘वर्क इज वर्शिप’ हे मग आले कोठून? ते इंग्रजीत लोकप्रिय केले ते टॉमस कार्लाइलने. १८४३ सालच्या ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या ग्रंथात एका जुन्या लॅटिन म्हणीचे त्याने असे रूपांतर वापरले. इंग्लंडात कापडगिरण्या धडधडत होत्या, त्या काळचे हे पुस्तक. तेथून ते वाक्य आपल्या देशातील शाळांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत आले, आणि कोणा तरी अनुवादकास कन्नडातील ‘कायकवे कैलास’ त्याच्याजवळचे वाटले. जवळचे वाटणे चुकीचे नव्हते. पण पुढे उलटे झाले. इंग्रजी म्हण कन्नड वचनाचा अर्थ म्हणून छापली जाऊ लागली, आणि आता ती मराठीत उतरून आपल्याकडे येते. गोकुळ रोडवरच्या मराठी माणसास शेजारच्या भाषेतील वचन लंडनला वळसा घालून मिळते, याची मौज वाटते आणि थोडी लाजही.

फितीतील चित्रांकडे आता पुन्हा पाहावे. आवाज ज्या वचनाचा आधार घेतो ते वचन गुरुदर्शन विसरावयास सांगते, आणि पडद्यावर त्याच वेळी गुरूंच्या पायांवर फुले पडत असतात. संकलकाने मुद्दाम केले असते तर तो विनोद ठरला असता. त्याने मुद्दाम केले नाही. त्याने वचन वाचलेच नव्हते.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्यात मारय्यापेक्षा लक्कम्मा मोठी दिसते. पंधराव्या शतकात ‘शून्यसंपादने’ या नावाने शरणांची वचने संवादरूपात गुंफली गेली. तिच्या एकाहून अधिक आवृत्ती आहेत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने तिचा मूळ पाठ इंग्रजी भाषांतरासह १९६५ ते १९७२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला. तिच्यात मारय्या आणि लक्कम्मा यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, मारय्या एकदा शरणांच्या चर्चेत रमला आणि वेळेचे भान सुटले. गुरूला विसरा पण कामाला विसरू नका, असे सांगणाराच बोलण्याच्या नादात काम विसरला. तेव्हा लक्कम्मेने त्याला कायक थांबले आहे, उठा, अशी आठवण करून दिली. तो धावतपळत गेला आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा पुष्कळ अधिक तांदूळ घेऊन आला. त्याची परीक्षा पाहावी म्हणून बसवण्णांनीच अंगणात जास्तीचे तांदूळ सांडून ठेवले होते, असे सांगतात.

लक्कम्मेचे या प्रसंगाचे वचन प्रसिद्ध आहे. तिचे अंकित ‘मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग’. नवऱ्याच्या अंकितास स्वतःचे नाते जोडून घेतलेले. ती म्हणते त्याचा आशय असा : हाव हा राजांचा धर्म, शिवभक्ताला ती कशाला? रोष यमदूतांना शोभतो. इतक्या तांदळाची आशा तुम्हांस कशास हवी, ईश्वर ते मान्य करणार नाही. दुसऱ्या एका वचनात तर ती विचारते की, एकचित्ताने वेचायचे सोडून तुम्ही दुभंगलेल्या मनाने हे आणलेत काय, की ही बसवण्णांच्या संशयाची करणी आहे? आणि सांगते की, जेथून आणले तेथेच ओतून या.

ही बाई बसवण्णांच्या हेतूवर शंका घेते, नवऱ्याला दारातून परत पाठविते, आणि एका दिवसाचे जादा धान्य घरात येऊ देत नाही. ते धान्य चोरीचे नव्हते. सांडलेलेच होते, रोजच्यासारखे वेचलेलेच होते. तिचा आक्षेप अधिक कष्टावर नाही, गरजेपलीकडच्या मिळकतीवर आहे. कायकाला तिच्या हिशेबी एक वरची मर्यादा आहे. आता फितीतील ते वाक्य आठवावे : इतरांपेक्षा एक तास अधिक राबतो त्याच्याकडे लक्ष्मी चालत येते. ज्या घरात हे वचन जन्मले त्या घरात लक्ष्मी जादा एका शेरानेही चालत आली असती तर उंबऱ्यावरून परत गेली असती.

येथे एक सावधगिरी मला पाळली पाहिजे. वचने लिहिली गेली बाराव्या शतकात आणि ती संवादाच्या सूत्रात ओवली गेली तीनएकशे वर्षांनी. कोणते वचन नेमके कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे शून्यसंपादनेच्या कर्त्यांनी ठरविलेले आहे. त्यामुळे ‘मूळ संदर्भ’ म्हणताना दोन थर वेगळे ठेवावेत. पहिला थर म्हणजे वचनातच असलेला संदर्भ : आधीची ओळ, नंतरची ओळ, अंकित. तो भक्कम आहे. दुसरा थर म्हणजे कथेचा. तो परंपरेचा आहे, तो ऐतिहासिक वृत्तान्त म्हणून पुढे करू नये. माझा आक्षेप पहिल्या थरावरच उभा राहतो. दुसऱ्याने त्याला रंग येतो इतकेच. लक्कम्मेचे वचन मात्र कथा बाजूस ठेवली तरी तसेच उरते, कारण तांदूळ, आशा आणि नकार हे तिन्ही त्या वचनातच आहेत.

आता नावाच्या चुकीकडे परत येतो, कारण अर्थाची चूक तिच्यातूनच निघते असे मी वर म्हटले. बसवण्णा हे बिज्जळ राजाचे भांडारी आणि पुढे मंत्री. त्यांनी जातिभेद मोडावयास काय केले, किती सोसले, हे येथे पुन्हा सांगावयास नको. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही विचारावेसे वाटते की, तेच वाक्य मंत्र्याच्या तोंडी घातले तर ऐकणाऱ्यास कसे ऐकू येते? काम कर, तेच तुझे मोक्षस्थान, असे वरून खाली आलेले सांगणे वाटते. कारखान्याच्या फाटकावर ते रंगविले तर मालकाचे वाक्य होते. सरवा वेचणाऱ्याच्या तोंडून मात्र तेच शब्द खालून वर जातात. मी वाकून दाणे वेचतो आहे, आणि या क्षणी गुरू आला तरी मी उठणार नाही, कारण मी जेथे आहे ते ठिकाण त्याच्या ठिकाणाहून कमी नाही, असे तो म्हणतो. ज्याच्याकडे मालक नाही, शेत नाही, कोठार नाही, त्याने आपल्या वाकलेल्या पाठीविषयी काढलेले ते उद्गार आहेत. नाव बदलताच आज्ञा आणि स्वाभिमान यांची अदलाबदल झाली.

गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी संपवून सकाळी बाहेर पडणाऱ्या मुलांना ही फीत कोणी पाठवीत असेल, तर ती त्यांच्या कानांवर कोणत्या नावाने पडते याला मला महत्त्व वाटते.

आपल्या वाचकांच्या मनात सावता माळ्याचे नाव एव्हाना येऊन गेले असेल. अरणच्या त्या माळ्याने मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठाई पाहिली आणि पंढरीची वाट धरली नाही, ही आठवण आपल्या घराघरांत आहे. हुबळीत शे-दीडशे वर्षे राहिलेल्या मराठी घरांनी मारय्याला समजून घ्यावे यासाठी सावत्याहून चांगला दुभाष्या नाही. तरी दोघांत फरक आहे. सावता देवाला मळ्यात आणतो. विठ्ठल हरवत नाही, तो मुळ्यात आणि लसणीत सापडतो. मारय्या देवाला मळ्यात आणण्याचाही प्रयत्न करीत नाही. तो म्हणतो विसरा. सावत्यात गोडवा अधिक आहे, मारय्यात धार. एकाच्या वचनाने दुसऱ्याचे भाषांतर करू नये, पण शेजारी ठेवून वाचावे. बेंगळुरूच्या बसव समितीने अडीच हजार वचनांचा संच निरनिराळ्या भारतीय भाषांत आणण्याचे काम केले, त्यांत मराठीही आहे. ज्यांना कन्नड लिपी येत नाही, त्यांनाही आता सबब उरलेली नाही.

अशा फितीत नेमके काय तपासावे, हे आमच्या चहाच्या बाकावर मला विचारले गेले, म्हणून येथे सांगतो. वचन असो वा अभंग, मुद्रेची ओळ दाखविली आहे का, ते प्रथम पाहावे. नसेल तर वरचे नाव तात्पुरते समजावे. मग वाक्य पूर्ण आहे की ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर’ अशा एखाद्या शब्दापाशी तुटले आहे, ते पाहावे. जे वाक्य फारच आटोपशीर आणि आजच्या भाषणात चपखल बसते, त्याचे टोक बहुधा कोठे तरी कापलेले असते. आणि शेवटी, फितीतील चित्रे काढून नुसते शब्द ऐकावेत. मी त्या दिवशी शेजाऱ्यांचा भ्रमणध्वनी उलटा ठेवून ती फीत पुन्हा ऐकली. सूर्योदय गेला, पुतळा गेला, फुले गेली. उरले ते एक तास अधिक राबण्याचे सांगणे.

तीन मिनिटांत याहून चांगले काही करता आले नसते, असे मला वाटत नाही. पुतळ्याच्या जागी अंगणात वाकलेला एक माणूस दाखवावा. गुरू येऊन उभा आहे आणि तो मान वर करीत नाही, एवढे एक दृश्य. मग भरलेली झोळी घेऊन तो घरी येतो, आणि दारात बायको झोळीत हात घालून पाहते. ती काही बोललेली दाखविली नाही तरी चालेल. तो परत वळतो. शेवटी मारय्याचे पूर्ण वचन त्याच्या अंकितासह पडद्यावर येऊ द्यावे. वाचावयास वीस सेकंदही लागणार नाहीत. सूर्योदय हवाच असेल तर तोही ठेवावा, तांदूळ वेचणारे पहाटेच निघत असणार.

हे सारे मी शेजाऱ्यांना विमानतळाच्या रस्त्याने परत येताना सांगितले. ते निमूट ऐकत होते. आयुष्यभर बसच्या इंजिनाखाली निजून काम केलेला माणूस. कोणते काम अर्धे सोडून कोणासाठी उठायचे नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. डेपोत साहेब आले की सगळे उठून उभे राहत, पण जॅकखाली असणाऱ्याला कोणी उठा म्हणत नसे, असे ते थोड्या वेळाने म्हणाले. मग त्यांनी विचारले, “आणि त्या बाईंची किती वचनं आहेत, मास्तर?” पंचवीसेक आहेत, असे मी सांगितले. समग्र वचनांच्या शिवशरणींच्या खंडात सापडतील. दुसऱ्या दिवशी ते फिरावयास आले नाहीत. त्यांची सून म्हणाली की, सासरे सकाळच्याच बसने धारवाडला गेले आहेत, कुठल्याशा पुस्तकाच्या दुकानात.